आयोडीनची अदलाबदल आणि ध्रुवित प्रकाशाची साक्ष

अल्किल हॅलाइडमधील हॅलोजन निघून त्याच्या जागी दुसरा गट येण्याची विक्रिया दोन मार्गांनी होऊ शकते, आणि महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांत या दोन मार्गांची ओळख बहुधा एका जोडसूत्राने करून दिली जाते: द्विरेणवीय प्रतिस्थापनात कार्बनभोवतीची रचना उलटते, तर एकरेणवीय प्रतिस्थापनात रॅसिमीकरण होते. हे सूत्र चुकीचे नाही. परंतु विद्यार्थी, आणि काही वेळा शिक्षकही, ते उलट दिशेने वापरतात, म्हणजे मिळालेला पदार्थ रॅसिमिक दिसला की विक्रिया एकरेणवीय मार्गाने झाली असे ठरवून मोकळे होतात, आणि हे अनुमान टिकत नाही. द्विरेणवीय मार्गाचा सर्वांत भक्कम पुरावा ज्या प्रयोगाने दिला, त्या प्रयोगातील पदार्थ अखेरीस पूर्णपणे रॅसिमिकच होतो. हा प्रयोग २-आयोडोऑक्टेन या साध्या अल्किल हॅलाइडवर केलेला असून १९३५ साली प्रसिद्ध झाला, आणि तो नीट समजून घेतला की दोन्ही मार्गांमधील खरा फरक कोठे शोधायचा हे स्पष्ट होते.

आठ कार्बनांच्या सरळ साखळीतील दुसऱ्या कार्बनवर आयोडीन असलेला रेणू म्हणजे २-आयोडोऑक्टेन. या दुसऱ्या कार्बनला हायड्रोजन, मिथिल गट, सहा कार्बनांचा हेक्झिल गट आणि आयोडीन असे चार निरनिराळे शेजारी आहेत, आणि ते चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे रोखलेले असल्यामुळे त्यांची मांडणी दोन प्रकारे होऊ शकते. या दोन मांडण्या एकमेकींची आरशातील प्रतिबिंबे असतात आणि कशाही फिरवल्या तरी एकमेकींवर तंतोतंत बसत नाहीत. अशा कार्बनला कायरल केंद्र, त्याच्याभोवतीच्या मांडणीला विन्यास आणि त्या दोन रूपांना प्रतिबिंब-समघटक म्हणतात. वितळबिंदू, उत्कलनबिंदू, घनता या बाबतींत दोन्ही रूपे सारखीच असतात. मात्र ध्रुवित प्रकाश, म्हणजे ज्याची कंपने एकाच प्रतलात होतात असा प्रकाश, त्यांच्या विद्रावातून जाऊ दिला तर एक रूप ते प्रतल उजवीकडे फिरवते आणि दुसरे तेवढेच डावीकडे. या फिरण्याला वलन म्हणतात आणि ते ध्रुवणमापक या उपकरणाने मोजतात. दोन्ही रूपे समप्रमाणात असली की वलने परस्परांना छेदून शून्य होतात. अशा मिश्रणाला रॅसिमिक मिश्रण आणि एका रूपातून ते तयार होण्याच्या क्रियेला रॅसिमीकरण म्हणतात.

द्विरेणवीय प्रतिस्थापनात सगळे एकाच टप्प्यात घडते. ज्याच्याजवळ बंध जोडण्यासाठी मोकळी इलेक्ट्रॉन-जोडी आहे असा कण, ज्याला केंद्रकस्नेही म्हणतात, कार्बनजवळ येतो आणि तो जोडला जात असतानाच हॅलोजन बाहेर पडू लागतो. केंद्रकस्नेही नेमका हॅलोजनच्या विरुद्ध बाजूने येतो. याचे एक कारण असे सांगितले जाते की ऋण भाराचा आयन ऋण टोक असलेल्या हॅलोजनपासून दूर राहतो, परंतु हे कारण दुय्यम आहे, कारण विद्युतभार नसलेले केंद्रकस्नेहीही मागूनच येतात. मुख्य कारण इलेक्ट्रॉनांच्या जागेत आहे. आत येणारी इलेक्ट्रॉन-जोडी कार्बन-हॅलोजन बंधाच्या रिकाम्या प्रतिबंधी कक्षकात शिरते, म्हणजे ज्यात इलेक्ट्रॉन शिरले की तो बंध तुटतो अशा कक्षकात, आणि या कक्षकाचा मोठा फुगीर भाग कार्बनच्या मागील बाजूस असतो. समोरून आल्यास कक्षकाच्या एका भागाशी होणारी जुळणी दुसऱ्या भागाशी होणाऱ्या विरोधामुळे जवळजवळ निष्फळ ठरते.

केंद्रकस्नेही मागून पुढे सरकतो तसे कार्बनचे उरलेले तीन शेजारी आपला कल बदलतात. मध्यावर ते तिन्ही एका प्रतलात येतात आणि येणारा व जाणारा गट त्या प्रतलाच्या दोन बाजूंना एका सरळ रेषेत असतात. ऊर्जेच्या या सर्वोच्च क्षणाला संक्रमण अवस्था म्हणतात. त्यानंतर हॅलोजन सुटतो आणि तिन्ही गट पलीकडच्या बाजूला झुकतात, वादळी वाऱ्यात छत्रीच्या काड्या उलट्या व्हाव्यात तसे. यालाच विन्यासाचे व्युत्क्रमण म्हणतात. येणारा आणि जाणारा गट दोन्ही आयोडीनच असतील तर संक्रमण अवस्थेचे दोन अर्धे परस्परांची प्रतिबिंबे असतात, आणि ही सममिती पुढे फार उपयोगी पडते.

हे चित्र आज सहज रेखाटता येते, पण ते सिद्ध करणे अवघड होते. पॉल वॉल्डेनने १८९६ साली दाखवले की मॅलिक आम्लाचे एक रूप क्लोरोसक्सिनिक आम्लात आणि ते पुन्हा मॅलिक आम्लात बदलले तर सुरुवातीच्या रूपाचे प्रतिबिंब मिळू शकते. म्हणजे दोन टप्प्यांपैकी कोठेतरी एकदा विन्यास उलटला होता, परंतु कोणत्या टप्प्यात, हे वलनाच्या चिन्हावरून सांगता येत नव्हते. वलनाची दिशा आणि विन्यास यांचे नाते पदार्थागणिक बदलते. सारख्याच विन्यासाचे हॅलाइड आणि अल्कोहोल प्रकाश एकाच दिशेने फिरवतील याची काहीच खात्री नसते. त्यामुळे वामवलनी, म्हणजे डावीकडे वळवणाऱ्या, हॅलाइडपासून दक्षिणवलनी अल्कोहोल मिळाले, एवढ्यावरून उलटापालट झाली असे म्हणणे धोक्याचे होते. ज्यांची तुलना करायची ते दोन पदार्थच भिन्न होते, ही खरी अडचण होती.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये एडवर्ड ह्यूज यांनी सहकाऱ्यांबरोबर निवडलेला प्रयोग ही अडचणच काढून टाकतो. त्यांनी प्रतिस्थापन असे घेतले की आरंभीचा आणि अखेरचा पदार्थ रासायनिकदृष्ट्या एकच असावा. २-आयोडोऑक्टेनचे एकच प्रतिबिंब-रूप ॲसिटोनमध्ये घेऊन त्यात सोडियम आयोडाइड मिसळले, तर आयोडाइड आयन रेणूतील आयोडीनला हुसकावून त्याची जागा घेतो, पण पदार्थ २-आयोडोऑक्टेनच राहतो, त्यामुळे वलनातील बदल हा केवळ विन्यासातील बदलच असतो. प्रश्न उरतो तो असा की आयोडीनच्या जागी आयोडीनच आला, तर अदलाबदल किती झाली हे मोजायचे कसे. येथे किरणोत्सर्गी आयोडीन कामी आला. कृत्रिम किरणोत्सर्गाचा शोध १९३४ साली लागला होता आणि त्याच वर्षी न्यूट्रॉनांच्या माऱ्याने अनेक मूलद्रव्ये किरणोत्सर्गी करता येतात हेही दिसून आले होते. अशा रीतीने मिळणाऱ्या आयोडीन-१२८चे अर्धायुष्य सुमारे २५ मिनिटे आहे, म्हणजे एवढ्या वेळात त्याचे निम्मे अणू नष्ट होतात आणि प्रयोगकर्त्याला हात चालवावे लागतात. खुणेच्या आयोडाइडपैकी किती भाग सेंद्रिय रेणूत शिरला हे किरणोत्सर्गावरून कळते, तर विन्यास किती बदलला हे ध्रुवणमापकावरून. एकाच विक्रियेच्या दोन गती दोन स्वतंत्र साधनांनी मोजल्या जातात.

या दोन गतींचे परस्परांशी प्रमाण काय असायला हवे, हे थोड्या हिशेबाने पाहता येते. समजा, आरंभी १००० रेणू एकाच रूपाचे आहेत, आणि प्रत्येक अदलाबदलीत विन्यास निश्चितपणे उलटतो. पहिल्या १०० रेणूंची अदलाबदल झाली की मूळ रूपाचे ९०० आणि प्रतिबिंब-रूपाचे १०० रेणू असतील. वलन ठरते ते दोहोंतील वजाबाकीवरून, आणि ती आता ८०० आहे. अदलाबदल दहा टक्के रेणूंची झाली, पण वलन वीस टक्के घटले. उलटलेला प्रत्येक रेणू स्वतःचे वलन तर गमावतोच, शिवाय मूळ रूपाच्या आणखी एका रेणूचे वलन छेदूनही टाकतो. म्हणून प्रत्येक अदलाबदल व्युत्क्रमणाने होत असेल, तर सुरुवातीपासून वलन नाहीसे होण्याची गती अदलाबदलीच्या गतीच्या बरोबर दुप्पट असायला हवी.

पुढचा टप्पा अधिक सूक्ष्म आहे, कारण संक्रमण अवस्थेच्या सममितीमुळे एकदा उलटलेल्या रेणूवर तितक्याच सहजपणे पुन्हा आघात होऊ शकतो आणि तो मूळ विन्यासात परततो. निम्म्या, म्हणजे ५०० रेणूंवर निदान एकदा आघात होऊन गेला तो क्षण घेतला, तर संभाव्यतेच्या हिशेबाने त्यांपैकी ३७५ वर विषम वेळा आघात झालेला असतो आणि १२५ वर सम वेळा. त्यामुळे मूळ विन्यासात ५०० अस्पर्शित रेणू आणि परत आलेले १२५ मिळून ६२५ रेणू, तर उलट विन्यासात ३७५ रेणू असतात. वजाबाकी २५०, म्हणजे वलन मूळच्या एक-चतुर्थांश उरलेले. अशी अदलाबदल चालत राहिली की अखेरीस दोन्ही बाजू समसमान होतात आणि वलन शून्यावर येते.

याउलट, प्रत्येक अदलाबदल समोरून झाली असती तर विन्यास तसाच राहिला असता, वलनात काडीचाही फरक पडला नसता आणि दोन गतींचे प्रमाण शून्य आले असते. आयोडीन आधी सुटून, मागे उरलेल्या सपाट आयनाशी नवा आयोडीन दोन्ही बाजूंनी सारख्याच शक्यतेने जोडला गेला असता, तर अदलाबदल झालेल्या रेणूंचा निम्मा भाग मूळ रूपाचा आणि निम्मा उलट रूपाचा होऊन त्या भागाचे वलन शून्य झाले असते, म्हणून वलन अदलाबदलीइतक्याच गतीने घटले असते आणि प्रमाण एक आले असते. निम्म्या रेणूंची अदलाबदल झाली त्या क्षणी, समोरून झालेल्या आघाताने वलन संपूर्ण उरते, एकरेणवीय मार्गाने निम्मे उरते आणि व्युत्क्रमणाने एक-चतुर्थांश. तीन कल्पनांची तीन वेगळी भाकिते, आणि तीही इतकी दूरदूरची की मोजमापातील थोडीशी चूक त्यांची सरमिसळ करू शकत नाही. रसायनशास्त्रात इतका निर्विवाद प्रयोग क्वचितच आढळतो.

प्रत्यक्षात प्रमाण दोन आले. वलन नष्ट होण्याच्या गतीच्या निम्म्यावरून काढलेली व्युत्क्रमणाची गती आणि किरणोत्सर्गावरून काढलेली अदलाबदलीची गती प्रयोगाच्या चुकीच्या मर्यादेत समान भरली, म्हणजे जवळजवळ प्रत्येक अदलाबदल व्युत्क्रमणानेच झाली. शिवाय या गती आयोडाइडच्या संहतीच्या, म्हणजे विद्रावातील त्याच्या दाटपणाच्या, समप्रमाणात वाढल्या. अर्थात गती ठरवणाऱ्या टप्प्यात रेणू आणि आयन दोघांचाही सहभाग होता.

आणि तरीही, शेवटी काचपात्रात उरले ते शून्य वलनाचे रॅसिमिक मिश्रण. ज्याने केवळ अखेरचा पदार्थ तपासला असता, त्याने ही विक्रिया एकरेणवीय आहे असा पूर्णपणे चुकीचा निष्कर्ष काढला असता. प्रयोगशाळेत हा धोका कल्पनेपुरता नाही. एकाच प्रतिबिंब-रूपाचे आयोडाइड किंवा ब्रोमाइड तयार करून तेच हॅलाइड आयन असलेल्या विद्रावात बराच वेळ राहू दिले, तर निर्माण झालेला शुद्ध विन्यास त्या आयनांच्या हाताने पुन्हा पुन्हा उलटून हळूहळू नष्ट होतो. असा तोटा झाल्याचा संशय असेल तर विक्रिया मध्येच थांबवून वेगवेगळ्या वेळी नमुने घ्यावे: विक्रियेच्या आरंभी वलन जास्त आणि नंतर क्रमाने कमी होत गेले, तर दोष मूळ प्रतिस्थापनाचा नसून मागाहून झालेल्या अदलाबदलीचा आहे हे लक्षात येते.

आता दुसऱ्या मार्गाकडे वळता येईल. त्यासाठी १-फेनिलएथिल क्लोराइड हे उदाहरण सोयीचे आहे. यातील कायरल कार्बनला हायड्रोजन, मिथिल गट, बेंझीनचे वलय आणि क्लोरीन जोडलेले असतात. हा पदार्थ पाण्यात किंवा पाणी मिसळलेल्या ॲसिटोनमध्ये ठेवला की क्लोरीन स्वतःच्या इलेक्ट्रॉन-जोडीसह आयनरूपाने सुटतो आणि मागे धन भाराचा कार्बन उरतो, ज्याला कार्बोकॅटायन म्हणतात. बेंझीन वलयातील इलेक्ट्रॉन या धन भाराला आधार देतात, म्हणून तो निर्माण होणे शक्य होते. याची गती केवळ क्लोराइडच्या संहतीवर अवलंबून असते. अल्कली मिसळली तरी ती फारशी बदलत नाही, कारण अवघड टप्पा बंध तुटण्याचा आहे आणि पाण्याशी जोडणी त्यानंतर चटकन होते. कार्बोकॅटायन सपाट असते, त्याचे तिन्ही शेजारी एका प्रतलात असतात, आणि प्रतलाच्या वर व खाली रिकाम्या कक्षकाचे दोन सारखे भाग असतात. अशा सपाट रचनेला डावे-उजवे नसते, म्हणून पाणी कोणत्याही बाजूने सारख्याच शक्यतेने जोडले जाऊन रॅसिमिक अल्कोहोल मिळावे, हे पाठ्यपुस्तकातील चित्र.

प्रत्यक्ष मोजमाप मात्र या चित्राला पूर्णपणे साथ देत नाही. ऐंशी टक्के ॲसिटोन आणि वीस टक्के पाणी या विद्रावकात रॅसिमीकरण सुमारे ९८ टक्के होते, म्हणजे शंभर रेणूंपैकी ५१ उलटलेले आणि ४९ मूळ विन्यासाचे. हे भाकिताच्या अगदी जवळ आहे. परंतु निव्वळ पाण्यात तेच क्लोराइड ८३ टक्केच रॅसिमीकृत होते आणि उरलेले १७ टक्के निव्वळ व्युत्क्रमण असते, म्हणजे सुमारे ५८ किंवा ५९ रेणू उलटलेले आणि ४१ किंवा ४२ तसेच राहिलेले. पाणी आयनांना अधिक स्थैर्य देते हे खरे असल्याने, मोकळे कार्बोकॅटायन पाण्यातच अधिक सहज मिळावे आणि रॅसिमीकरण तेथेच पूर्ण व्हावे अशी अपेक्षा करणारा वाचक येथे अडखळेल, आणि त्याचे अडखळणे योग्य आहे.

उत्तर कार्बोकॅटायनाच्या आयुष्यात आहे. बंध तुटला म्हणजे क्लोराइड लगेच दूर निघून गेला असे होत नाही. काही काळ धन आणि ऋण आयन एकमेकांना खेटून जोडीने असतात, आणि या आयन-जोडीत क्लोराइड कार्बोकॅटायनाची एक बाजू झाकून ठेवतो. याच अवस्थेत पाणी जोडले गेले तर ते उघड्या, म्हणजे मागील बाजूने जोडले जाते आणि विन्यास उलटतो. क्लोराइड दूर गेल्यानंतर जोडणी झाली तरच दोन्ही बाजू समान ठरतात. १-फेनिलएथिल कार्बोकॅटायन पाण्यात सेकंदाच्या अब्जांशाहूनही कितीतरी कमी काळ टिकते, आणि भोवती सर्वत्र पाणीच असेल तर क्लोराइडला बाजूला सरकायला पुरेशी सवड मिळण्यापूर्वीच त्याला पाणी गाठते. ॲसिटोनने पाणी विरळ झाले की ते किंचित अधिक जगते आणि रॅसिमीकरण पूर्णतेकडे जाते. विद्रावक अधिक ध्रुवीय असला की रॅसिमीकरण आपोआप अधिक, हा सोपा नियम म्हणूनच फसवा आहे. पाण्याचे रेणू किती जवळ आणि किती संख्येने उभे आहेत हेही पाहावे लागते.

आयन-जोडीचे अस्तित्व पडताळण्याची पद्धत आयोडीनच्या प्रयोगासारखीच आहे, ती म्हणजे दोन गतींची तुलना. विक्रियेत मुक्त होणारे हायड्रोक्लोरिक आम्ल अल्कलीने टिपून मोजले तर प्रतिस्थापनाची गती कळते आणि ध्रुवणमापकावरून वलन घटण्याची. सॉल विन्स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकात अशा मोजमापांतून दाखवले की अनेक हॅलाइडांत वलन आम्लनिर्मितीपेक्षा अधिक वेगाने घटते. याचा अर्थ असा की काही रेणू आयनरूपाने सुटून, आयन-जोडीतच आपली बाजू बदलून, त्याच क्लोराइडशी पुन्हा जोडले जातात. प्रतिस्थापन झालेलेच नसते, तरी विन्यास मात्र हरवलेला असतो. पात्रात उरलेले, विक्रिया न झालेले हॅलाइड वेगळे काढून त्याचे वलन मोजले की ते अंशतः रॅसिमीकृत झालेले आढळते, आणि हीच त्या परतीच्या वाटेची खूण आहे.

उलटणे आणि विखुरणे यांच्या पलीकडे विन्यास जसाच्या तसा राहण्याचा निकालही लागू शकतो, मात्र त्यासाठी समोरून आघात गृहीत धरण्याची गरज नसते. काउड्री, ह्यूज आणि इंगोल्ड यांनी १९३७ साली २-ब्रोमोप्रोपियॉनिक आम्लाच्या आयनाबाबत असे दाखवले की सौम्य अल्कलीत त्याच रेणूतील शेजारचा कार्बोक्झिलेट गट आधी मागून आत येऊन ब्रोमीनला बाहेर काढतो आणि पाणी नंतर पुन्हा मागूनच येऊन त्या गटाला कार्बनवरून बाजूला करते, त्यामुळे दोन व्युत्क्रमणे होऊन विन्यास मूळचाच दिसतो. अल्कली तीव्र केली की हायड्रॉक्साइड स्वतःच आधी पोहोचतो, उलटापालट एकदाच होते आणि त्याच हॅलाइडपासून विरुद्ध विन्यासाचे लॅक्टिक आम्ल मिळते.